खोक्यातला फोटो कुठल्या गावचा? छोर्तेन, पताका आणि गोम्पाच्या भिंतींवरून हिमालयातला प्रदेश ओळखण्याची रीत

मावशीच्या कपाटात बुटाचं एक जुनं खोकं आहे. तिने आयुष्यात डोंगरातले दोन मोठे प्रवास केले, एक लेहचा आणि एक मुक्तिनाथचा. दोन्ही वेळचे फोटो त्याच खोक्यात पडले. मागे नाव नाही, तारीख नाही. गेल्या दिवाळीत ते लावून द्यायला बसलो, तेव्हा निम्मे फोटो लगेच वेगळे झाले, कारण कुठे लेहचा राजवाडा दिसत होता, कुठे मुक्तिनाथच्या 108 धारा. एका फोटोवर मात्र आमचं अडलं. मातकट रंगाचं गाव, सपाट छपरं, एक उंच लालभडक इमारत, कडेला तीन लहान स्तूप, वाऱ्यावर ताणलेल्या पताका आणि मागे बर्फाचा डोंगर. मावशी म्हणाली, "अगं बाई, हे लडाखच. पताका बघ की!"

असा फोटो हातात आला तर कुठून सुरुवात करायची आणि कशावर किती भरवसा ठेवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. शेवटी मावशीच्या फोटोचाही निकाल लावू.

पहिली पायरी: पताका बाजूला ठेवा

नवीन माणसाची नजर सगळ्यात आधी पताकांवर जाते, कारण फोटोत रंग तिथेच असतात. पण पताका हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. ती कापडाची असते, पिशवीतून कुठेही नेता येते. मनालीच्या बाजारात घेतलेली माळ पुण्यातल्या गच्चीवर आणि मोटारसायकलच्या हँडलवर दिसते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे. नवेगाव बांधच्या झाडीजवळ, धानाच्या मुलखात, तिथेही याच पताका फडकतात. म्हणून पताका पाहून एवढंच म्हणायचं की इथे तिबेटी बौद्ध परंपरेशी नातं असलेलं कुणीतरी राहतं किंवा येऊन गेलं आहे.

आडव्या दोरीवर ओवलेल्या चौकोनी पताकांना लुंगता म्हणतात. शब्दाचा अर्थ वाऱ्याचा घोडा, आणि पुष्कळदा मधोमध घोड्याचं चित्र छापलेलंही असतं. रंग पाच आणि त्यांचा क्रम ठरलेला: निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. म्हणजे आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी. लडाखपासून अरुणाचलपर्यंत हा क्रम सारखाच, त्यामुळे रंगांवरून प्रदेश कळत नाही.

पताका कशा बांधल्या आहेत यावरून मात्र थोडं कळतं. दोरीवरच्या आडव्या माळा सगळीकडे असतात. पण उंच सरळ खांबाला, वरपासून खालपर्यंत एका कडेने जोडलेलं लांब अरुंद कापड, आणि असे खांब डोंगराच्या धारेवर दाटीने रांगेत उभे, हे दृश्य पूर्व हिमालयाकडे बोट दाखवतं. भूतानमध्ये माणूस गेल्यावर त्याच्यासाठी असे पांढरे ध्वज उभारतात. पूर्ण विधीत ते 108 असतात. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या बाजूलाही ही पद्धत आहे. एवढे उंच, सरळ खांब एका ठिकाणी उभे करायचे तर जवळ जंगल हवं. लडाखमध्ये गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, अंगणात एखादा मोठा ध्वजस्तंभ असतो, घरांच्या छपरांवर काटक्यांना बांधलेल्या लहान पताका असतात, पण खांबांचं रान सहसा दिसत नाही.

फोटोत अशा उभ्या पांढऱ्या पताकांची रांग आणि मागे गर्द हिरवी झाडी असेल, तर लडाख, स्पिती आणि उत्तर नेपाळमधलं मुस्तांग तिथेच वगळता येतात. मावशीच्या फोटोत आडवी माळ होती. म्हणून ती तात्पुरती बाजूला ठेवली. पुढे तिच्याकडे परत यायचं आहे, पण रंगांसाठी नाही.

दुसरी पायरी: स्तूपाचं पोट पाहा

स्तूप जागचा हलत नाही. तो स्थानिक माती-दगडातून, स्थानिक हातांनी बांधलेला असतो, म्हणून तो जास्त बोलतो. तिबेटी भाषेत त्याला छोर्तेन म्हणतात. मराठी वाचकाला त्याचे भाग नव्याने शिकावे लागत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात जो स्तूप आहे तोच डोळ्यांसमोर आणा: खाली गोल मेधी, वर अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. कार्ल्याला तर ते लाकडी छत्र अजून शाबूत आहे. हिमालयातला छोर्तेन याच मांडणीचा वंशज आहे. फरक पडतो तो कुठला भाग ताणला, कुठला आवळला यात.

नजर आधी अंडावर, म्हणजे पोटावर न्या. काठमांडू खोऱ्यातल्या बौद्धनाथ आणि स्वयंभूनाथच्या स्तूपांचं पोट उपड्या वाटीसारखं असतं, रुंद आणि बसकं. लडाख, स्पिती, मुस्तांग भागातल्या छोर्तेनचं पोट कळशीसारखं असतं: खांद्याशी रुंद, खाली निमुळतं. ते पायऱ्यापायऱ्यांच्या चौकोनी बैठकीवर ठेवल्यासारखं दिसतं. वर तेरा कड्यांचा निमुळता शेंडा आणि टोकाला चंद्रकोर व सूर्य.

भूतानमध्ये याखेरीज एक तिसरा प्रकार भेटतो. तो कळशीसारखाही नाही आणि वाटीसारखाही नाही. एखाद्या छोट्या चौकोनी देवळीसारखा असतो, वर उतरतं छप्पर आणि छपराखाली विटकरी लाल पट्टा. थिंपूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत असे 108 छोर्तेन एकत्र आहेत, त्यांचा एखादा फोटो पाहून ठेवला की हा प्रकार पुन्हा चुकत नाही.

आता डोळे. हर्मिकेवर रंगवलेले मोठे डोळे आणि नाकाच्या जागी देवनागरी एकाच्या आकड्यासारखा वळसा दिसला, की लोक बेधडक नेपाळ म्हणतात. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. काठमांडूतच नव्हे, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या सोलुखुंबू भागातही वाटेवरच्या छोर्तेनवर डोळे असतात. नामचे बाजारच्या पुढे तेनझिंग नोर्गे यांच्या स्मरणार्थ जो छोर्तेन आहे, त्यावरही आहेत. पण अरुणाचलमध्ये तवांगच्या पलीकडे झेमिथांगला गोरसाम छोर्तेन आहे, तो बौद्धनाथच्या नमुन्यावर बांधलेला आहे. पूर्व भूतानमधला छोर्तेन कोराही तसाच, आणि मध्य भूतानमधला चेंदेब्जीचा छोर्तेन स्वयंभूनाथच्या वळणाचा. तिन्हींवर डोळे आहेत. म्हणून डोळे दिसले तर नेपाळ हा पहिला अंदाज धरा, उत्तर म्हणून लिहू नका. आजूबाजूच्या घरांची छपरं पाहून मगच पुढे जा.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे जपानी शांतिस्तूप. लेहच्या टेकडीवर आहे, पोखऱ्यात आहे, दार्जिलिंगलाही आहे. पांढराशुभ्र, गुळगुळीत, मोठ्या घुमटाचा आणि खाली रुंद चौथरे. हे एका जपानी बौद्ध संघाच्या प्रेरणेने उभे राहिलेले विसाव्या शतकातले स्तूप आहेत, त्यांचं रूप त्या त्या गावचं नव्हे. त्यावरून प्रदेश ठरवू नका.

आकारानंतर सामान पाहा. इथे पाऊस मदतीला येतो. लेहला वर्षाला सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपासच पाणी पडतं, आपल्या कोकणात तेवढं एका दिवसात पडतं. म्हणून लडाखमध्ये उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा, वरून चुना फासलेला छोर्तेन उघड्यावर शतकानुशतकं टिकतो. फोटो मोठा करून पाहिलात तर कडा झिजून गोलसर झालेल्या दिसतात, चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात आणि जिथे पापुद्रा सुटला आहे तिथे आतली पिवळसर माती. हेच बांधकाम सिक्कीमच्या पावसात दोन-चार पावसाळेही काढणार नाही. ओल्या मुलखात छोर्तेन दगडी असतो, त्याच्या टप्प्यांवर पाणी निथळायला पाटीच्या दगडांच्या पुढे आलेल्या कडा असतात आणि सांध्यांत शेवाळ दिसतं. शेवाळ दिसलं की पावसाचा प्रदेश, झिजलेली माती दिसली की पर्जन्यछायेचा. एवढ्या एका निरीक्षणाने हिमालयाचे दोन तुकडे होतात.

मावशीच्या फोटोतले तीन स्तूप कळशीच्या पोटाचे आणि मातीचे होते. म्हणजे कोरडा प्रदेश. काठमांडू, सिक्कीम आणि भूतान गेले. लडाख, स्पिती आणि नेपाळचा उत्तरेकडचा भाग उरले.

तिसरी पायरी: भिंतीचा रंग, आणि तो काय सांगत नाही

ते तीन स्तूप तीन रंगांचे होते: एक गेरूसारखा केशरी, एक पांढरा, एक करडा. याला रिगसुम गोंपो म्हणतात, म्हणजे तीन कुळांचे तीन रक्षक. केशरी मंजुश्रीचा, पांढरा अवलोकितेश्वराचा, करडा किंवा निळसर वज्रपाणीचा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी म्हणून आपण ज्याच्यापुढे थांबतो तो अवलोकितेश्वरच, आणि त्याच्या जोडीला वज्रपाणी. तिथे त्यांचे चेहरे आहेत, इथे नुसते रंग.

मला हे त्रिकूट दिसलं की पूर्वी वाटायचं, झालं, मुस्तांग. पण लडाखच्या गावांतही वेशीवर रिगसुम गोंपो असतात. तेव्हा नुसत्या तीन रंगांनी प्रश्न सुटत नाही.

याच रंगांची दुसरी गफलत भिंतींवर होते. काही मठांच्या आणि घरांच्या भिंतींवर करड्या पृष्ठभागावर पांढरे आणि लाल उभे पट्टे असतात. ही तिबेटी बौद्ध धर्मातल्या शाक्य परंपरेची खूण आहे, जिचं मूळ पीठ तिबेटमधल्या शाक्य गावात. मुस्तांगच्या लो राज्यात ही परंपरा पंधराव्या शतकात घट्ट रुजली, म्हणून तिथे पट्टे सहज दिसतात. पण पट्टे पंथ सांगतात, मुलूख सांगत नाहीत. लडाखमध्ये मठो इथे शाक्य मठ आहे. स्पितीत कोमिक आणि काझा इथेही शाक्य मठ आहेत. नवशिके सगळ्यात जास्त इथेच घसरतात. पट्टे दिसले की यादीत मुस्तांग वर ठेवावं, पण मठो आणि कोमिकचे फोटो शेजारी ठेवून ते नाहीत ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग भिंतीवरून प्रदेश ओळखायचाच नाही का? ओळखायचा, पण रंगापेक्षा तो रंग कुठे लावला आहे ते पाहून.

लडाख आणि स्पितीतल्या मोठ्या गोम्पा उतारावर चढत गेलेल्या पांढऱ्या घरांच्या समूहासारख्या दिसतात. थिकसे किंवा की गोम्पाचा फोटो आठवा. बहुतेक भिंती चुन्याने पांढऱ्या आणि लाल रंग राखून ठेवलेला, महत्त्वाच्या मंदिराला किंवा भिंतीच्या माथ्यावरच्या पट्ट्याला. मुस्तांगमध्ये मात्र गावातलं मुख्य मंदिर जमिनीपासून माथ्यापर्यंत गेरूच्या लालभडक रंगात न्हालेलं असतं, आणि मातकट घरांच्या घोळक्यातून तो एकच लाल ठोकळा वर आलेला दिसतो. लो मांथांगचं थुबचेन, चरांगचा मठ आणि कागबेनीचा मठ ही उदाहरणं पाहून घ्यावीत.

माथ्यावरच्या लाल पट्ट्याकडे जरा जवळून पाहायला शिका. तिबेट आणि लडाखमधल्या मोठ्या मठांत तो पट्टा रंगवलेला नसतो, बांधलेला असतो. झुडपांच्या बारीक काड्या सोलून, त्यांच्या जुड्या बांधून, कापलेली टोकं बाहेर येतील अशा रचून भिंतीचा वरचा थर तयार करतात आणि मग त्यावर गडद लाल रंग चढवतात. फोटो मोठा केला की तो पट्टा ब्रशच्या केसांसारखा खरखरीत, मखमली दिसतो, त्यावर प्रकाश पसरत नाही, शोषला जातो. भूतानमध्ये छपराखालच्या लाल पट्ट्याला खेमर म्हणतात. तो गुळगुळीत भिंतीवर रंगाने काढलेला असतो आणि त्यात मधूनमधून गोल चकत्या असतात. शिवाय भूतानची भिंत पांढरी, वर जाताना आत कललेली आणि वरच्या मजल्यावर कोरीव लाकडी खिडक्यांची पुढे आलेली ओळ. खरखरीत पट्टा आणि सपाट छप्पर एकीकडे, गुळगुळीत पट्टा आणि उतरतं छप्पर दुसरीकडे. या दोन जोड्या सहसा फुटत नाहीत.

एक भिंत अशीही असते जिला इमारत नसते. गावाबाहेर वाटेच्या मधोमध कमरेएवढी उंच, लांबलचक दगडी भिंत आणि तिच्या माथ्यावर कोरलेले सपाट दगड रचलेले: ही मणी भिंत. दगडांवर बहुतेक 'ॐ मणि पद्मे हूँ' हा मंत्र तिबेटी लिपीत असतो. लडाखमध्ये या भिंती रुंद आणि कोरड्या माळावर लांबवर गेलेल्या असतात, दगड मातीच्या रंगाचेच. मुस्तांगमध्ये घामी गावाजवळची मणी भिंत प्रसिद्ध आहे, तिच्या बाजूंना लाल, पांढरे, करडे पट्टे रंगवलेले आहेत. सोलुखुंबूत भिंतींबरोबर घराएवढे अख्खे खडक कोरलेले दिसतात, काळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाने भरलेली मोठाली अक्षरं. काळ्या खडकावरची ती पांढरी अक्षरं, दगडी घरं आणि वर हिरवे-निळे पत्रे एकत्र दिसले तर मी फारसा विचार न करता शेर्पांचा मुलूख म्हणतो.

मणी भिंतीला उजवा हात ठेवून जायचा रिवाज आहे, म्हणजे प्रदक्षिणा आपल्यासारखीच. म्हणून पायवाट भिंतीपाशी आली की दोन फाटे फुटतात, जाणाऱ्यांचा एक आणि येणाऱ्यांचा दुसरा. जुन्या स्लाइडवरून काढलेले फोटो कधी उलटे छापले जातात. सगळी माणसं भिंतीला डावा हात करून चाललेली दिसली तर आधी फोटो आरशात धरून पाहा. बॉन या तिबेटच्या जुन्या धर्मपरंपरेचे लोक उलट्या दिशेने प्रदक्षिणा करतात, मुस्तांगमध्ये लुब्रा हे त्यांचं गाव आहे. पण उलटा छापलेला फोटो ही शक्यता आधी संपवावी.

मावशीच्या फोटोत लाल इमारत पायापासून माथ्यापर्यंत लाल होती. इथे माझं पारडं पहिल्यांदा लडाखकडून मुस्तांगकडे झुकलं. पण अजून खात्री नव्हती.

चौथी पायरी: छपरावर काय ठेवलंय?

हे थोडक्यात सांगतो. सपाट मातीचं छप्पर म्हणजेही कमी पाऊसच. त्या छपराच्या कडेला काय रचलं आहे ते पाहावं. लडाखमध्ये बहुधा विलोच्या बारीक काटक्या, जनावरांसाठी वाळवलेला चारा, शेणाच्या गोवऱ्या. मुस्तांगमध्ये फोडलेल्या लाकडांची नीट रचलेली किनार घराला चौकटीसारखी फिरलेली असते. मावशीच्या फोटोत ती किनार लाकडांची होती, जाड आणि एकसारखी कापलेली. हा पुरावा लहान आहे, एकटा उभा राहणार नाही, पण लाल इमारतीच्या बाजूने पडतो.

लडाख की स्पिती, असा प्रश्न उरला तर मात्र छपरं आणि भिंती फार मदत करत नाहीत. दोन्हीकडे चुन्याची घरं, खिडक्यांभोवती काळ्या रुंद कडा. तिथे मी वास्तू सोडून दरी पाहतो. सिंधूच्या काठची गावं पॉपलर आणि विलोच्या हिरव्या पट्ट्यात बुडालेली असतात, स्पितीतली उंचावरची गावं उघड्या पठारावर, जवळजवळ झाडांशिवाय.

पाचवी पायरी: पताकांकडे परत, पण वाऱ्यासाठी

आता ती बाजूला ठेवलेली माळ. मावशीच्या फोटोत ती लोंबत नव्हती. दोरी ताणलेली, प्रत्येक कापड आडवं आणि टोकं कॅमेऱ्याच्या दिशेने. काही पताकांच्या कडा फाटून झिरमिळ्या झालेल्या. म्हणजे वारा जोराचा आणि समोरून, डोंगराकडून फोटो काढणाऱ्याकडे येणारा. फाटलेल्या कडा सांगतात की तो त्याच दिवशी आलेला नव्हता, रोजचा होता.

मग सावल्या पाहिल्या. तीन स्तूपांच्या सावल्या आखूड होत्या आणि कॅमेऱ्याकडे पडलेल्या. मागचा बर्फाचा डोंगर प्रकाशाविरुद्ध, किंचित काळपट. आखूड सावली म्हणजे दुपारच्या आसपासची वेळ, आणि या अक्षांशावर दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो. म्हणून कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला. वारा समोरून, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला.

दुपारी दक्षिणेकडून असा झपाटून वारा येणारी एक दरी प्रसिद्ध आहे: काली गंडकीची. एका बाजूला अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला धौलागिरी, दोन्ही 8,000 मीटरच्या वर, आणि मधून नदीने कापलेली खोल फट. दिवस चढला की वरचं कोरडं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि खालची हवा त्या फटीतून आत ओढली जाते. जोमसोमची विमानं याच वाऱ्यामुळे सकाळीच उडतात.

मग दक्षिणेला बर्फाचं शिखर, उत्तरेला कोरडी दरी, मधे लाल मठाचं गाव असं कुठे आहे? कागबेनीत. मुक्तिनाथच्या वाटेवर, साधारण 2,800 मीटर उंचीवर, काली गंडकी आणि झोंग खोला यांच्या संगमावरचं गाव. तिथला लाल शाक्य मठ 1429 साली स्थापन झाला, आणि गावातून दक्षिणेला पाहिलं की निलगिरी उभा असतो.

सहावी पायरी: स्वतःचं उत्तर मोडून पाहा

इतकं जुळलं की मन खूश होतं, आणि नेमकी तिथेच चूक होते. म्हणून उत्तर हाती आल्यावर ते खोटं ठरवणारी गोष्ट शोधायची. मी तीन गोष्टी केल्या.

मठो आणि कोमिकचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले फोटो समोर ठेवले. दोन्ही मठ उंचावर आहेत. आमच्या फोटोत लाल इमारत घरांच्या घोळक्यातच होती आणि गाव नदीकाठच्या सपाटीवर. हे दोन्ही बाद.

मग गूगल अर्थवर कागबेनी उघडून दृश्य जमिनीलगत आणलं, दक्षिणेकडे वळवलं आणि डोंगराची वरची रेघ फोटोशी ताडून पाहिली. शिखर जुळलं म्हणून थांबायचं नाही, कारण बर्फाची शिखरं लांबून एकमेकांसारखी दिसतात. शिखराच्या डाव्या-उजव्या खाचा, जवळच्या तपकिरी डोंगराची धार शिखराच्या उताराला कुठे कापते ती जागा, अशा तीन-चार बिंदूंची तुलना करायची. फोटो छापील असेल तर त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ काढा, कागद पडद्याला लावा. माझ्या कागदावर चार बिंदू बसले. एक खाच थोडी सरकलेली होती, फोटो काढणारी माणूस गावाच्या मध्यापेक्षा थोडी वरच्या बाजूला उभी असणार एवढाच त्याचा अर्थ. दृश्य तेवढं सरकवल्यावर तीही बसली.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसाला विचारणं, पण प्रश्न नीट विचारणं. "मावशी, हे कागबेनी आहे ना?" असं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. मी विचारलं, "फोटो काढताना वारा होता का?" ती थोडा वेळ फोटो हातात धरून बसली. म्हणाली, "वारा? अरे, पदर डोक्यावर ठरत नव्हता. गुरुजींनी पिंडावर हात धरायला सांगितला होता, तांदूळ उडत होते." मुक्तिनाथला जाणारे पुष्कळ यात्रेकरू कागबेनीच्या संगमावर श्राद्ध करतात. तिने तिथे आजोबांचं केलं होतं. ते झाल्यावर गावातल्या एका घराच्या गच्चीवर चहा घेताना हा फोटो निघाला होता.

फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, कारण बॉलपेनची शाई छापील फोटोच्या पुढच्या बाजूला उमटते: कागबेनी, मुस्तांग, नेपाळ. दक्षिणेकडे पाहताना, दुपार. मागे निलगिरी. त्याखाली कशावरून ठरवलं तेही लिहिलं: लाल मठ, लाकडांची किनार, वारा, डोंगराची रेघ. पुढे कुणाला शंका आली तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागू नये. वर्षाची जागा मोकळी ठेवली आहे. मावशी तिचा जुना पासबुक शोधते आहे, यात्रेचे पैसे कधी काढले ते त्यात सापडेल म्हणते.